चित्ता इतका पळतो, मग इतक्या लवकर दमतो कशानं?

कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार चालायची, हे इथल्या घराघरांत ऐकलेलं असतं. आधी हिंदुस्थानातले चित्ते होते. ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणले गेले. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. शिकारीची पद्धत अशी होती: चित्त्याला बैलगाडीवर बसवायचं, डोळ्यांवर चामड्याची टोपी घालायची आणि गाडी हळूहळू हरणांच्या कळपाकडे न्यायची. हरणांना बैलगाडीची सवय असते, ती पळत नाहीत. गाडी सरळ कळपावर न नेता तिरकी, वळसे घेत न्यायची आणि जमेल तितकं जवळ पोचल्यावर टोपी काढायची. पुढचा खेळ काही सेकंदांचा असायचा. काळवीट हाती लागलं तर चित्ता त्याचा गळा धरून बसे, मग चित्तेवान पोचून त्याला मांसाचा वाटा देई आणि परत टोपी चढवी. पहिल्या झपाट्यात हरीण निसटलं, तर मात्र चित्ता पाठलाग सोडून तिथंच धापा टाकत उभा राही.

म्हणजे चित्तेवानाचं सगळं कसब हरणापर्यंतचं अंतर कमी करण्यात होतं. काळवीटही काही कमी नाही, ताशी 80 किलोमीटरच्या आसपास पळू शकतं, आणि तेही चित्त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. जगातला सगळ्यात वेगवान चतुष्पाद प्राणी आणि त्याला शिकारीजवळ गाडीनं नेऊन सोडावं लागतं! ही विसंगती वाटते, पण चित्त्याचं शरीर आतून कसं चालतं ते कळलं की तीत विसंगत काही उरत नाही.

आधी वेगाचा आकडा नीट करून घेऊ. शाळेच्या पुस्तकांपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे ताशी 110, 120 किलोमीटर असं ऐकायला मिळतं. प्रत्यक्ष मोजमापं त्याहून खाली आहेत. 1965 मध्ये केनियात एका पाळीव चित्त्याला सुमारे 200 मीटर पळवून वेळ मोजली गेली, ती ताशी 104 किलोमीटरच्या आसपास आली. 2012 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीनं 100 मीटर अंतर 5.95 सेकंदांत कापलं. उसेन बोल्टचा विक्रम 9.58 सेकंदांचा आहे, यावरून अंदाज यावा. हे दोन्ही सरळ रेषेत, आमिषामागे पळणारे चित्ते. जंगलात खऱ्या शिकारीच्या वेळी काय होतं, ते कळायला 2013 साल उजाडावं लागलं. ॲलन विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट्सवानातल्या पाच रानटी चित्त्यांच्या गळ्यात खास पट्टे बसवले. त्या पट्ट्यांत जीपीएस होतं आणि हालचाल मोजणारी उपकरणंही होती. एकूण 367 धावा नोंदल्या गेल्या. त्यांतला सर्वांत मोठा वेग ताशी 93 किलोमीटर निघाला. पण मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा आकडा. एका धावेत चित्ता जो कमाल वेग गाठतो, त्याची सरासरी फक्त ताशी 54 किलोमीटरच्या आसपास होती, आणि धावेची सरासरी लांबी 173 मीटर. बहुतेक वेळा चित्ता आपला पूर्ण वेग वापरतच नाही.

मग तो शिकार कशाच्या जोरावर मिळवतो? याच पट्ट्यांनी त्याचंही उत्तर दिलं. चित्ता एका ढांगेत आपला वेग ताशी दहा-अकरा किलोमीटरनं वाढवू शकतो आणि एका ढांगेत चौदा किलोमीटरनं कमीही करू शकतो. सेकंदाला तीन-साडेतीन ढांगा पडतात हे लक्षात घेतलं, तर थांबलेला चित्ता दोन-तीन सेकंदांत कुठल्या कुठे जातो हे समजेल. वेग वाढवणं, तोडणं आणि वळणं या तिन्हींत त्याची बरोबरी करणारे प्राणी फार थोडे. आणि दमण्याचं मूळही इथंच आहे, कारण एकसारख्या वेगानं पळत राहायला तुलनेनं कमी ताकद लागते, पण उभ्या जागेवरून वेग घ्यायला प्रचंड लागते.

किती लागते? विल्सन यांच्या मोजमापात चित्त्याच्या शरीराच्या दर किलोमागे ही ताकद 120 वॅटपर्यंत गेली. बोल्टच्या सर्वोत्तम धावेत ती साधारण 25 वॅट होती, शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यात 60. आता 45 किलोचा चित्ता धरा. 45 गुणिले 120 म्हणजे 5,400 वॅट, सव्वासात हॉर्सपॉवर. आपल्याकडे नदीवरून उसाच्या मळ्यात पाणी चढवायला जी साडेसातची मोटर बसवतात, जवळपास तिच्याएवढी ताकद हा प्राणी क्षणभर आपल्या अंगातून काढतो, आणि तेही एखाद्या सडपातळ शाळकरी मुलाएवढ्या वजनाच्या शरीरातून.

मोटरला वीज तारेतून सतत मिळते. स्नायूंना ताकद मिळण्याचे मार्ग दोन आहेत. पहिला श्वासाचा. फुप्फुसांत प्राणवायू येतो, रक्त तो स्नायूंत नेतं आणि तिथं साखर किंवा चरबी सावकाश जळून ऊर्जा मिळते. हा मार्ग तासन्‌तास चालू शकतो, पण त्याला वेगाची मर्यादा आहे. फुप्फुसं जेवढा प्राणवायू घेतील आणि हृदय जेवढं रक्त ढकलेल, तेवढीच ऊर्जा. दुसरा मार्ग साठ्याचा. स्नायूंत क्रिएटिन फॉस्फेट नावाचा पदार्थ भरलेला असतो, तो प्राणवायूशिवाय क्षणात ऊर्जा देतो, पण काही सेकंदांत संपत येतो. त्याच्या जोडीला स्नायूंतली साखर प्राणवायूशिवाय अर्धवट मोडली जाते. यातून ऊर्जा झटपट मिळते, पण आम्लता आणि फॉस्फेट साचत जातं आणि स्नायूंचं आकुंचन कमजोर होत जातं. लॅक्टिक आम्लामुळे पाय भरून येतात असं आपण म्हणतो ते याच संदर्भात, जरी अलीकडची समज अशी की लॅक्टेटपेक्षा त्याबरोबर साचणारे हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट जास्त जबाबदार असतात.

चित्त्याला श्वासाच्या मार्गानं हे भागवता येईल का, ते आपण साधा हिशेब मांडून पाहू. मोठ्या सस्तन प्राण्यांमध्ये प्राणवायू वापरण्यात ज्यांचा सर्वांत वरचा क्रम लागतो, त्यांत उत्तर अमेरिकेतला प्राँगहॉर्न हा हरणासारखा दिसणारा प्राणी आहे. 1991 मध्ये स्टॅन लिंडस्टेड यांच्या गटानं त्याला चढाच्या ट्रेडमिलवर पळवून मोजलं. दर किलोमागे मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर प्राणवायू, म्हणजे सेकंदाला 5 मिलिलिटर. कसलेल्या मॅरेथॉनपटूचा आकडा मिनिटाला 80च्या आसपास असतो. एक मिलिलिटर प्राणवायूतून साधारण 20 जूल ऊर्जा सुटते, म्हणजे सेकंदाला 100 जूल. पण स्नायू त्यातला पाचवा ते चौथा भागच कामाला लावतो, बाकीची उष्णता होऊन जाते. हाती उरतात 20 ते 25 वॅट. म्हणजे प्राँगहॉर्नसारखी फुप्फुसं आणि हृदय चित्त्याला बसवलं, तरी 120 वॅटच्या पाव हिश्श्यालाही ते पुरणार नाही. ती झेप श्वासावर घेताच येत नाही. ती साठ्यातूनच घ्यावी लागते, आणि साठा म्हटला की तो संपणारच.

चित्त्याचे स्नायू या साठ्यावर चालण्यासाठीच घडलेले आहेत. 1997 मध्ये त्याच्या मांडीच्या मोठ्या स्नायूचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातले सुमारे 83 टक्के तंतू झपाट्यानं आकसणारे निघाले. असे तंतू झटकन जोर लावतात आणि झटकन थकतात. सावकाश पण चिवटपणे काम करणाऱ्या तंतूंत मायटोकाँड्रिया नावाच्या पेशीतल्या सूक्ष्म भट्ट्या भरपूर असतात. प्राणवायू तिथंच वापरला जातो. चित्त्याच्या मांडीत या भट्ट्या कमी, आणि प्राणवायूशिवाय साखर मोडणारी विकरं मात्र मुबलक. पुढच्या आणि मागच्या पायांतही फरक आहे. मागचे पाय जोर लावणारे, तर पुढच्या पायांत चिवट तंतूंचं प्रमाण त्यामानानं जास्त, कारण वळताना आणि वेग तोडताना अंग सावरायचं काम त्यांच्याकडे.

शरीराच्या बाकीच्या खुब्या आपण वाचलेल्या असतात, त्या भराभर सांगतो. पाठीचा कणा इतका लवचीक की पळताना तो धनुष्यासारखा वाकतो आणि ताणतो, त्यामुळे एक ढांग सहा-सात मीटरपर्यंत जाते आणि एकेका ढांगेत दोन वेळा चारही पाय हवेत असतात. नखं इतर मांजरांसारखी पूर्ण आत जात नाहीत, ती जमिनीत रुततात. शेपूट वळणावर तोल राखते. हे सगळं खरं आहे, पण यातली एकही गोष्ट दमण्याचं कारण नाही. ग्रेहाउंडचा कणाही असाच लवचीक असतो.

आता एक शिकार सेकंदासेकंदानं पाहू. गवतातून दबत चित्ता इंपाला या आफ्रिकेतल्या हरणापासून पन्नासएक मीटरवर येतो. इथंच त्याच्या नशिबाचा निम्मा निकाल लागलेला असतो, कारण अंतर शंभराच्या पुढे असेल तर तो बहुधा निघतच नाही. पहिल्या दोन-तीन सेकंदांत तो जवळजवळ सगळी ताकद झोकतो आणि ताशी साठ-सत्तरपर्यंत जातो. याच वेळी क्रिएटिन फॉस्फेटचा साठा झपाट्यानं उतरत असतो. इंपालाला चाहूल लागते आणि तो सरळ न पळता वळतो. इथं एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: शिकार पकडण्याच्या काही सेकंद आधी चित्ता वेग वाढवत नाही, कमी करतो. पूर्ण वेगात हरणामागे वळता येत नाही, तो पुढं निघून जाईल. म्हणून तो वेग तोडतो, हरणाबरोबर डावी-उजवी घेतो, परत झेपावतो. या प्रत्येक वळणात आधी कमावलेला वेग वाया जातो आणि नवीन वेगासाठी परत साठ्याला हात घालावा लागतो. दहा-पंधरा सेकंदांत एकतर पुढच्या पायाच्या अंगठ्याचं नख हरणाच्या मांडीत अडकतं आणि ते कोलमडतं, किंवा चित्ता सोडून देतो. बोट्सवानातल्या नोंदींत साधारण चारांतली एक धाव यशस्वी झाली होती.

आता त्या स्पष्टीकरणाकडे येतो, जे मला खोडून काढावंसं वाटतं. चित्ता थांबतो कारण त्याचं अंग इतकं तापतं की आणखी पळाला तर मेंदूला इजा होईल, असं अनेक पुस्तकांत आणि माहितीपटांत सांगितलं जातं. याचा उगम 1973च्या एका प्रयोगात आहे. टेलर आणि राउंट्री या संशोधकांनी चित्त्यांना ट्रेडमिलवर पळवलं. पळताना तयार झालेली बहुतेक उष्णता ते अंगातच साठवत होते आणि अंगाचं तापमान साडेचाळीस अंशांच्या आसपास गेलं की पुढं पळायला नकार देत होते. प्रयोग नीट केलेला होता, निरीक्षण खरं होतं. अडचण अशी की ते पळणं चित्त्याच्या मानानं हळू आणि लांबलचक होतं. रानातल्या दहा-पंधरा सेकंदांच्या झडपेशी त्याचा संबंध जोडणं चुकलं.

तेही हिशेबानं पडताळता येतं. दहा सेकंदांच्या पाठलागात सरासरी ताकद सढळ हातानं किलोमागे 50 वॅट धरू. काम झालं किलोमागे 500 जूल. त्यासाठी एकूण ऊर्जा लागेल दोन-अडीच हजार जूल, त्यांतले दीड-दोन हजार उष्णता होऊन अंगात राहतील. एक किलो शरीर एका अंशानं तापायला सुमारे 3,500 जूल लागतात. म्हणजे पाठलागात अंग तापलं तर अर्धा अंश, फार तर त्याहून थोडं जास्त. एवढ्यानं कुणाचा मेंदू धोक्यात येत नाही.

2013 मध्ये रॉबिन हेटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नामिबियातल्या चित्त्यांच्या शरीरात तापमान मोजणारी बारीक उपकरणं बसवून हे प्रत्यक्षच पाहिलं. पाठलाग संपला त्या क्षणी अंगाचं तापमान 38.4 अंश होतं, म्हणजे नेहमीच्या हालचालीच्या वेळी असतं तेवढंच. ते वाढलं ते नंतर. आणि गंमत अशी की शिकार मिळाली तर सव्वा अंशाच्या आसपास वाढलं, हुकली तर फक्त अर्ध्या अंशानं. दोन्ही वेळा पळणं सारखंच झालेलं. मग शिकार मिळाल्यावर अंग जास्त तापायचं कारण काय? संशोधकांचं म्हणणं, भीती. तरस आणि सिंह चित्त्याची शिकार हिसकावतात, त्यामुळे मेलेल्या हरणाशेजारी धापा टाकत बसलेला चित्ता सुस्तावलेला नसतो, तो पराकोटीचा सावध असतो, आणि तो ताण अंग तापवतो. दमणं आणि तापणं एकामागोमाग येतात म्हणून एक दुसऱ्याचं कारण आहे असं आपण धरून चाललो होतो.

पाठलागानंतर चित्ता वीस मिनिटं, कधी अर्धा तास धापा टाकत बसतो, तेव्हा तो ज्या साठ्यातून उसनवारी केली त्याची परतफेड करत असतो. तेव्हा कुठे श्वासाचा सावकाश मार्ग कामाला येतो. क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरलं जातं, साचलेली आम्लता हटवली जाते. या अवधीत समोर तरस आला, तर चित्ता बहुधा शिकार सोडून बाजूला होतो. एक तर अंगात त्राण नसतं, आणि असतं तरी त्याचे सुळे आणि जबडा बिबट्याएवढे भक्कम नाहीत. तो झगडा त्याला परवडत नाही.

आता प्राँगहॉर्नकडे परत येऊ, कारण चित्त्याच्या शेजारी त्यालाच उभं करायला हवं. तो दहा मिनिटांत 11 किलोमीटर जातो, म्हणजे ताशी 66 किलोमीटर. कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे निघाला तर दहा मिनिटांत निम्म्याहून जास्त वाट संपवील, आणि थांबायचं नावही घेणार नाही. चित्ता त्याला पहिल्या दोनशे-तीनशे मीटरांत गाठेल, त्यानंतर कधीच नाही. लिंडस्टेड यांच्या गटानं त्याची तुलना जवळपास तेवढ्याच आकाराच्या शेळीशी केली. प्राँगहॉर्नमध्ये नवा असा कुठला अवयव सापडला नाही. फुप्फुसं मोठी, हृदय मोठं, रक्तात प्राणवायू वाहणारं हिमोग्लोबिन जास्त, स्नायू जास्त आणि त्या स्नायूंत मायटोकाँड्रियाही जास्त. जे शेळीत आहे तेच, पण प्राणवायूच्या वाटेवरची प्रत्येक पायरी रुंद केलेली.

मग चित्त्यानं हेही का घेऊ नये, दोन्हीतलं चांगलं का नाही? स्नायूच्या एकाच तंतूत जागा मर्यादित असते. मायटोकाँड्रिया आणि रक्तवाहिन्यांना जागा द्यायची, तर जोर लावणाऱ्या धाग्यांची जागा कमी होते. फुप्फुसं आणि हृदय वाढवलं तर वजन वाढतं, आणि वजन वाढलं की जागेवरून उसळायला आणखी ताकद लागते. दबा धरून शेवटचे पन्नास मीटर झेपावणाऱ्या प्राण्याला दहा मिनिटांच्या दमाचा उपयोग नाही. उघड्या माळावर लांबूनच शत्रू दिसणाऱ्या प्राण्याला मात्र तोच दम वाचवतो. शिकारी आणि शिकार यांचा हा फरक इतर जोड्यांतही दिसतो. 2018 मध्ये विल्सन यांच्याच गटानं चित्ता-इंपाला आणि सिंह-झेब्रा अशा जोड्यांचं मोजमाप केलं. शिकाऱ्यांच्या स्नायूंची ताकद भक्ष्याच्या स्नायूंपेक्षा वीस टक्क्यांनी जास्त निघाली, वेग घेणं आणि तोडणं यांतही ते सरस होते, तरी बहुतेक वेळा भक्ष्यच सुटतं. कारण कधी आणि कुठं वळायचं ते भक्ष्य ठरवतं, आणि शिकाऱ्याला ते पाहून मगच वळावं लागतं.

उष्णतेचं स्पष्टीकरण एका ठिकाणी मात्र पूर्ण लागू पडतं, आणि त्याचं उदाहरण केनियातलं आहे. 2013 मध्ये ईशान्य केनियातल्या वजीरजवळच्या गावातले चौघे गावकरी शेळ्या मारणाऱ्या दोन चित्त्यांच्या मागे पायी धावत सुटले. त्यांनी भर उन्हाची वेळ निवडली होती. सुमारे साडेसहा किलोमीटर पाठलाग झाल्यावर दोन्ही चित्ते थकून थांबले आणि जिवंत पकडले गेले. झेपेनं माणसापासून सुटणं चित्त्याला एका क्षणाचं काम होतं, पण माणूस दिसेनासा होत नव्हता आणि मध्ये विश्रांतीचा अर्धा तास मिळत नव्हता. इतक्या लांब पळण्यात मात्र उष्णता साचत जाते, 1973च्या ट्रेडमिलवर साचली होती तशीच. माणसाच्या साऱ्या अंगाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवतं. चित्त्याकडे त्यासाठी धापा टाकण्याशिवाय फारसं काही नाही. गावकऱ्यांनी ते दोन्ही चित्ते केनियाच्या वन्यजीव खात्याच्या ताब्यात दिले.